जुन्या टीव्ही गेमची बंदूक एलईडी टीव्हीवर का चालत नाही आणि ती चालवायची कशी

माळ्यावरून जुना टीव्ही गेम खाली येतो, गेम सुरू होतो, बदकं उडतात, पण बंदुकीची एकही गोळी लागत नाही. मग ठरलेला क्रम सुरू होतो: एव्ही ते एचडीएमआय कन्व्हर्टर आणायचा, नवी बंदूक मागवायची, टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ शोधायचा. सांगली-मिरजेत हे तिन्ही खर्च करून बसलेली बरीच मंडळी मला भेटली आहेत. या तिन्ही उपायांनी काम होत नाही. पुढे आधी कारण समजून घेऊ, मग बंदुकीची तपासणी, मग दोन रस्ते: डबा टीव्हीचा आणि इन्फ्रारेड बंदुकीचा. क्रम मोडू नका, कारण पहिल्या दोन टप्प्यांवरच तुमचा रस्ता ठरतो.

हा लेख ८-बिट टीव्ही गेमच्या बंदुकीपुरता आहे. निन्टेन्डोच्या १९८४ च्या बदकांच्या गेमची बंदूक आणि आपल्याकडे घरोघरी आलेल्या तिच्या नकला, या सगळ्या एकाच तत्त्वावर चालतात.

## टप्पा १: गोळी कशी ‘लागते’ ते आधी समजून घ्या

बंदुकीतून काहीच बाहेर जात नाही. नळीच्या तोंडाशी एक भिंग आहे आणि त्यामागे प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर. म्हणजे बंदूक फक्त पाहते.

चाप ओढला की गेम एका फ्रेमपुरता सगळा पडदा काळा करतो. पुढच्या फ्रेमला जिथे बदक होतं तिथे पांढरा चौकोन काढतो. बदकं दोन असतील, तर दुसऱ्याचा चौकोन त्यानंतरच्या फ्रेमला येतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या टीव्हीवर एक फ्रेम २० मिलिसेकंदांची, त्यामुळे डोळ्याला फक्त एक झपका दिसतो. काळ्या फ्रेमला बंदुकीला अंधार आणि चौकोनाच्या फ्रेमला उजेड दिसला, तर गोळी लागली. काळ्या फ्रेमलाही उजेड दिसला, तर गेम तो नेम धरत नाही. बल्बकडे बंदूक धरून कोणी फसवू नये म्हणून ही सोय आहे.

एलईडी टीव्हीवर यातल्या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोडतात. त्या वेगळ्या आहेत हे लक्षात न घेतल्यानेच लोक चुकीचा उपाय विकत घेतात.

पहिली गोष्ट वेळेची. गेम त्या पांढऱ्या चौकोनाची फ्रेम पाठवत असतानाच बंदुकीकडे विचारणा करतो आणि फ्रेम संपली की निकाल देऊन मोकळा होतो. डबा टीव्हीत सिग्नल आत शिरतो तेव्हाच पडद्यावर उजेड पडतो, मध्ये साठवण नाही. एलईडी टीव्ही मात्र आलेलं चित्र आधी स्वतःजवळ घेतो, त्याच्या ओळी जुळवतो, पडद्याच्या मापाला मोठं करतो आणि मग दाखवतो. पिवळ्या वायरीतून आलेल्या जुन्या सिग्नलवर हे काम जास्तच असतं. चौकोन पडद्यावर येईपर्यंत गेमचा निकाल लागून गेलेला असतो. गेम मोडने हा उशीर कमी होतो, शून्य होत नाही. आणि इथे एका फ्रेमचा उशीरही चालत नाही.

दुसरी गोष्ट प्रकाशाच्या जातीची. डबा टीव्हीत इलेक्ट्रॉनचा झोत एकेक ओळ रंगवत जातो, सेकंदाला १५,६२५ ओळी. त्यामुळे बंदुकीला दिसणारा उजेड त्याच वेगाने लुकलुकत असतो. मूळ बंदुकीच्या सर्किटमध्ये गाळणी आहे. ती साधारण १५ किलोहर्ट्झची लुकलुक तेवढी आत घेते. बल्ब, ट्यूबलाइट, ऊन बाहेर ठेवते. एलईडी टीव्हीच्या पडद्यामागचा उजेड ओळी-ओळींनी रंगवला जात नाही. चौकोन डोळ्याला कितीही पांढराशुभ्र दिसो, गाळणीच्या दृष्टीने तो उजेड नसतोच.

> इशारा: कन्व्हर्टर लावला की उशीर वाढतो आणि लुकलुक तर येतच नाही. दुकानदार ‘चालेल’ म्हणाला, तरी बंदुकीसाठी कन्व्हर्टर घेऊ नका. साध्या जॉयस्टिकच्या गेमसाठी तो ठीक आहे.

## टप्पा २: बंदूक जिवंत आहे का ते पाहा

ही तपासणी डबा टीव्हीवरच करा. स्वतःचा नसेल तर शेजारी, नातेवाईक किंवा टीव्ही दुरुस्तीच्या दुकानातला एखादा चालू सेट अर्धा तास मिळाला तरी पुरे. त्याशिवाय ‘बंदूक खराब आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

१. टीव्ही गेमची पिवळी वायर थेट टीव्हीच्या एव्ही जॅकला लावा. जुन्या मशिनला अँटेनाची वायर असेल तर ती थेट. मध्ये सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर, कन्व्हर्टर काहीही नको.

२. बंदूक दुसऱ्या पोर्टला लावा. पहिल्या पोर्टला जॉयस्टिक राहू द्या, गेम निवडायला ती लागते. बंदूक पहिल्या पोर्टला लावणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

३. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट वाढवा. जुन्या पिक्चर ट्यूबचा उजेड उतरलेला असतो आणि मळकट पांढरा रंग सेन्सरला पुरत नाही.

४. नळीतलं भिंग कापसाने पुसा. त्यावर वर्षानुवर्षांची धूळ किंवा बुरशी असते.

५. पाच-सहा फुटांवरून चाप ओढा आणि पडदा झपकतो का ते बघा.

झपका आला पण गोळी लागली नाही, तर चाप ठीक आहे आणि सेन्सर किंवा भिंग संशयित आहे. झपकाच आला नाही, तर चापाचा स्विच, वायर किंवा पोर्ट तपासा. झपका आणि गोळी दोन्ही ठीक असतील, तर बंदूक चांगली आहे आणि सगळा दोष तुमच्या घरच्या नव्या टीव्हीच्या जातीचा आहे.

चित्र कृष्णधवल दिसलं म्हणून घाबरू नका. बाहेरून आणलेलं ६० हर्ट्झचं मशिन आपल्या टीव्हीवर बऱ्याचदा रंग गमावतं. बंदुकीला रंगाशी देणंघेणं नाही. चित्र स्थिर असलं की झालं.

> खात्री करा: स्वस्त नकली बंदुकांपैकी काहींत ती गाळणी नसते. अशी बंदूक डबा टीव्हीवर चालते, पण खोलीतल्या उजेडाने गडबडते. ट्यूबलाइट बंद केल्यावर नेम सुधारला, तर तुमच्याकडची बंदूक त्याच जातीची असावी.

## टप्पा ३: रस्ता निवडा

तीन रस्ते आहेत. माझं मत स्पष्ट आहे, तरी तिन्ही सांगतो.

मूळ मशिन, मूळ कॅसेट आणि मूळ बंदूक हवी असेल, तर डबा टीव्ही घ्या. इतका कमी त्रासाचा आणि पक्का दुसरा उपाय नाही. टप्पा ४ तुमच्यासाठी.

डबा टीव्हीला घरात जागा नसेल आणि भिंतीवरच्या एलईडी टीव्हीवरच खेळायचं असेल, तर कॉम्प्युटरवर गेम चालवून इन्फ्रारेड बंदूक वापरा. तिच्यासाठी टप्पा ५ पासून पुढे वाचा.

तिसरा रस्ता मूळ मशिन एलईडी टीव्हीला जोडण्याचा. त्यासाठी बंदुकीतली गाळणी काढून टाकावी लागते, आणि गेमच्या प्रोग्रॅममध्ये बदल करून निकालाला तुमच्या टीव्हीच्या उशिराइतकं थांबायला लावावं लागतं. दोन्ही कामं केल्याशिवाय उपयोग नाही. बदललेला गेम चालवायला पुन्हा लिहिता येणारी कॅसेट लागते, कारण आपल्याकडच्या ‘इतके-गेम-एकात’ कॅसेटमधली चिप काळ्या लाखेच्या ठिपक्याखाली बंद असते आणि तिच्यात काही बदलता येत नाही. शिवाय टीव्ही बदलला की उशिराचा आकडाही बदलतो. हा रस्ता नवख्याने धरू नये.

तयार विकत मिळणाऱ्यांत सिंडेन नावाची बंदूक आहे. तिच्या नळीत कॅमेरा असतो आणि गेमच्या चित्राभोवती काढलेली पांढरी चौकट पाहून ती नेम ओळखते. तिलाही कॉम्प्युटर किंवा रास्पबेरी पायसारखं मशिन लागतं. ती जुन्या टीव्ही गेमच्या पोर्टला लावून चालत नाही.

## टप्पा ४: डबा टीव्हीचा रस्ता

१४ ते २१ इंची, फुगीर काचेचा, साधा ५० हर्ट्झचा सेट शोधा. मोठा, सपाट काचेचा, महागडा सेट बघून भुलू नका. त्यांच्यातल्या ज्यांवर ‘१०० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं ते चित्र आधी साठवून दुप्पट वेगाने दाखवतात. ट्यूब असूनही बंदूक तिथे चालत नाही. घेण्याआधी सेटच्या तोंडावरची आणि पाठीवरची पट्टी वाचा.

सांगलीत आणखी एक तपासणी गरजेची आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेच्या पाण्यात उभे राहिलेले बरेच सेट नंतर वाळवून भंगारात किंवा जुन्या बाजारात गेले. पाठीच्या जाळीतून बॅटरी मारून आत बघा. प्लास्टिकवर गाळाची आडवी रेघ, स्क्रूंवर गंज, बोर्डावर पांढरट खडू साचलेला दिसला तर तो सेट फुकटही घेऊ नका. असा सेट दुकानात दहा मिनिटं चालतो आणि घरी ठिणग्या टाकतो.

विकत घेताना स्वतःचं मशिन आणि बंदूक सोबत न्या आणि तिथेच पाच बदकं पाडून बघा. केबलवरचं चित्र चांगलं दिसलं म्हणजे बंदूक चालेल असं नाही.

> धोका: डबा टीव्हीचं मागचं झाकण स्वतः उघडू नका. पिक्चर ट्यूबवर वीस हजार व्होल्टच्या आसपासचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. आतलं काम जुन्या टीव्ही मेकॅनिककडूनच करून घ्या.

ज्यांचं काम इथे झालं त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही.

## टप्पा ५: इन्फ्रारेडचा रस्ता, आधी मोजमाप

इन्फ्रारेड बंदूक टीव्हीच्या उजेडाकडे बघतच नाही. टीव्हीच्या वर आणि खाली डोळ्याला न दिसणारे चार दिवे लावायचे. बंदुकीतला छोटा कॅमेरा ते चार ठिपके पाहतो आणि नळी पडद्यावर कुठे रोखली आहे ते काढून कॉम्प्युटरला माउसच्या बाणासारखं कळवतो. पुढचं काम एम्युलेटरचं, म्हणजे कॉम्प्युटरवर जुन्या मशिनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमचं. तो स्वतःजवळच्या चित्रात त्या जागी पांढरा चौकोन आहे का ते बघतो. निकाल कॉम्प्युटरच्या आतच लागतो, टीव्हीवर चित्र उशिरा आलं तरी तो बदलत नाही. टप्पा १ मधल्या दोन्ही अडचणी अशा टळतात.

सामान मागवण्याआधी टेप घेऊन खोली मोजा. ही पायरी गाळल्यामुळे बहुतेकांची बंदूक अर्धीच चालते. कॅमेरा म्हणून डीएफरोबोटचा SEN0158 वापरायचा आहे. त्याची नजर आडवी ३३ अंश आणि उभी २३ अंश एवढीच. तुम्ही चित्राच्या वरच्या कडेवर नेम धरता तेव्हा टीव्हीखालचे दिवे त्या नजरेतून निसटू नयेत, एवढं मागे उभं राहावं लागतं.

हिशोब सोपा आहे. उभ्या दिशेला २३ अंशांचा अर्धा ११.५ अंश, त्याचा टॅन्जंट ०.२०३५.

```
लागणारं अंतर = (चित्राची अर्धी उंची + मध्यापासून दिव्यांचं अंतर) ÷ ०.२०३५
```

विश्रामबागेतल्या एका नेहमीच्या मापाच्या हॉलवर हे करून पाहू. हॉल १० बाय १२ फूट, भिंतीवर ४३ इंची टीव्ही, आणि तो लांब भिंतीवर असल्यामुळे समोर १० फूटच मिळतात, म्हणजे ३०५ सेंमी. पडद्याची उंची ५३.५ सेंमी. दिव्यांच्या पट्ट्या चौकटीवर चिकटवल्या तर मध्यापासून साधारण २८ सेंमीवर येतात. गेम पूर्ण उंचीने दाखवला तर २६.७ अधिक २८ म्हणजे ५४.७, भागिले ०.२०३५, म्हणजे जवळपास २७० सेंमी.

हे अंतर पडद्यापासून बंदुकीच्या तोंडापर्यंतचं आहे, तुमच्या पाठीपर्यंतचं नाही. सोफा बाजूला सरकवून समोरच्या भिंतीला पाठ लावली, तरी टीव्हीची जाडी ५ सेंमी आणि अंग व पुढे ताणलेले हात मिळून ७५ सेंमी जातात. उरले २२५. म्हणजे ४५ सेंमी कमी पडले. अशा घरात बंदूक बसवली की वरची बदकं मारताना बाण उड्या मारतो आणि मालकाला वाटतं कॅमेरा खराब आहे.

उपाय मात्र फुकटातला आहे: चित्र लहान करायचं. कॉम्प्युटरचं आउटपुट १९२० बाय १०८० असताना गेमची उंची ७२० पिक्सेल ठेवली, तर या टीव्हीवर ती ३५.७ सेंमी भरते. आता १७.८ अधिक २८ म्हणजे ४५.८, भागिले ०.२०३५, बरोबर २२५ सेंमी. कोपर थोडं वाकवून बंदूक अंगाजवळ धरली की आणखी १५ सेंमी मोकळे मिळतात. चित्र फारच लहान होईल ही भीती नको. त्याचा कर्ण साडेतेवीस इंच भरतो, घरातल्या जुन्या २१ इंची डबा टीव्हीपेक्षा मोठाच.

आडव्या दिशेची काळजी कमी. दिव्यांच्या जोडीत ४० सेंमी अंतर ठेवलं, तर या मापात दीड मीटरही पुरतं. याच कारणासाठी वर-खाली दोन पट्ट्यांची रचना घ्या. चार कडांच्या मध्यावर चार दिवे लावायची रचनाही चालते, पण तिच्यात डाव्या-उजव्या दिव्यांमुळे जास्त मागे जावं लागतं.

> खात्री करा: तुमचा आकडा खोलीत बसत नसेल, तर इथेच थांबा. चित्र लहान करा, टीव्ही आखूड भिंतीवर घ्या किंवा लहान मॉनिटर वापरा. त्यानंतरच सामान मागवा.

## टप्पा ६: दिव्यांच्या पट्ट्या

लागणारं सामान: ५ मिलिमीटरचे ९४० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड एलईडी १२, २२ ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर ४, जुनी यूएसबी वायर, पातळ वायर, दोन प्लास्टिकच्या पट्ट्या. केबल-वायरिंगची केसिंग पट्टी यासाठी उत्तम. हे सगळं इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या सामानाच्या दुकानात मिळतं. कॅमेरा आणि बंदुकीत बसणारा रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड ऑनलाइन मागवावा लागेल.

१. तीन एलईडी एकापाठोपाठ एक जोडा आणि त्या साखळीत एक रेझिस्टर. असे चार गट करा. प्रत्येक एलईडीवर साधारण १.३ व्होल्ट उतरतात, तिघांचे ३.९. यूएसबीच्या ५ व्होल्टमधून उरलेले १.१ व्होल्ट २२ ओहमवर पडले की ५० मिलिअँपिअर वाहतात. चार गटांचे २०० झाले, टीव्हीच्या यूएसबी पोर्टला ते सहज झेपतात.

२. वरच्या पट्टीवर दोन गट, खालच्या पट्टीवर दोन. दोन गटांत ४० सेंमी अंतर, आणि दोन्ही पट्ट्यांचा मध्य टीव्हीच्या मध्याशी जुळलेला.

३. एका गटातले तीन एलईडी चिकटून ठेवा, म्हणजे कॅमेऱ्याला एकच ठिपका दिसेल. बाजूचे दोन किंचित बाहेरच्या अंगाला वाकवा. हे एलईडी अरुंद झोत टाकतात; वाकवले नाहीत तर बाजूला उभ्या राहिलेल्या खेळाडूला ते अंधुक दिसतात.

> इशारा: रेझिस्टरशिवाय एलईडी थेट यूएसबीला लावू नका. आणि एलईडीचा लांब पाय अधिक बाजूला, आखूड वजा बाजूला. साखळीत एक उलटा लागला की तिन्ही बंद राहतात.

वीज दिल्यावर डोळ्याला काही दिसणार नाही. मोबाइलचा पुढचा कॅमेरा चालू करून त्यातून पट्टीकडे बघा. चारही गट जांभळट-पांढरे चमकले पाहिजेत. मागच्या कॅमेऱ्याने बघू नका. तो बऱ्याच फोनमध्ये हा प्रकाश अडवतो आणि चांगली पट्टी बंद वाटते.

## टप्पा ७: बंदूक

आत बसणारी तीन मुख्य अंगं: SEN0158 कॅमेरा, रास्पबेरी पाय पिको बोर्ड आणि चापाचा मायक्रोस्विच. प्रोग्रॅम ओपनफायर नावाचा, मोफत आणि खुला.

टप्पा २ मध्ये पास झालेली मूळ बंदूक यासाठी कापू नका. ती डबा टीव्हीवर चालते आणि तशी पुन्हा मिळणं अवघड आहे. सेन्सर मेलेली नकली बंदूक किंवा जत्रेतली प्लास्टिकची बंदूक घ्या. ती खेळण्यासारखीच रंगीत राहू द्या, खऱ्यासारखी काळी रंगवू नका.

१. आधी टेबलावर जोडणी करा, टरफलात नंतर. पिकोवरचं `BOOTSEL` बटण दाबून धरून यूएसबी लावा. कॉम्प्युटरवर `RPI-RP2` नावाचा ड्राइव्ह दिसेल. ओपनफायरची पिकोसाठीची `.uf2` फाइल त्यात टाका. ड्राइव्ह आपोआप नाहीसा होतो. बिघडलं असं समजू नका.

२. कॅमेऱ्याच्या चार वायरी: वीज, ग्राउंड, SDA आणि SCL. वीज पिकोच्या `3V3` पिनवरूनच द्या. कॅमेरा ५ व्होल्टवरही चालतो, पण मग त्याच्या सिग्नलच्या वायरींवर ५ व्होल्ट येऊ शकतात आणि पिकोच्या पिना तेवढं सोसत नाहीत.

३. चापाच्या स्विचची एक वायर ग्राउंडला, दुसरी पिकोच्या एका मोकळ्या पिनला. कोणती पिन कशासाठी, ते ओपनफायरच्या कॉम्प्युटरवरच्या ॲपमध्ये दिसतं आणि तिथेच बदलताही येतं.

४. ॲपमधल्या चाचणीच्या खिडकीत कॅमेऱ्याला दिसणारे ठिपके बघा. चार आणि चारच हवेत.

चारपेक्षा जास्त दिसले तर खोलीत दुसरा इन्फ्रारेडचा उगम आहे. खिडकीतून येणारं ऊन, जुना पिवळा बल्ब आणि देवघरातली पेटती समई, हे तिन्ही कॅमेऱ्याला दिव्यासारखेच दिसतात. टीव्हीखालच्या काचेच्या टीपॉयवर किंवा चकचकीत फरशीवर खालच्या पट्टीचं प्रतिबिंबही पडतं. पडदा ओढा, टीपॉयवर चादर टाका, सांजवात झाल्यावर खेळायचं असेल तर समई कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर असेल असं बघा. कॅमेऱ्याची संवेदनक्षमता ॲपमधून कमी-जास्त करता येते, पण आधी खोली सुधारा.

५. टेबलावर सगळं जमलं की टरफलात बसवा. कॅमेरा नळीच्या टोकाशी, नळीच्या रेषेत आणि आडवा सरळ. हॉट-ग्लूचे दोन ठिपके लावून नेम बघा, मग पक्का करा. हाताने हलवल्यावर कॅमेरा तसूभरही डुलत असेल, तर पुढचं सगळं फुकट जातं.

> खात्री करा: बंदूक वर केल्यावर बाण खाली गेला, तर कॅमेरा उलटा बसला आहे. सेटिंगशी झटापट न करता कॅमेरा फिरवून बसवा.

## टप्पा ८: टीव्ही, एम्युलेटर आणि नेमाची जुळणी

इथला क्रम पक्का आहे: आधी टीव्ही, मग कॅलिब्रेशन, मग गेम. उलट केलंत तर प्रत्येक बदलानंतर कॅलिब्रेशन पुन्हा करावं लागेल.

टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये ओव्हरस्कॅन बंद करा. काही टीव्हींवर हा पर्याय `Just Scan`, काहींवर `Screen Fit` किंवा `1:1` नावाने असतो. ओव्हरस्कॅन चालू असताना टीव्ही चित्राच्या कडा कापून बाकीचं ताणतो. मग नेम मध्यभागी बरोबर आणि कडेला चुकीचा पडतो. डेस्कटॉपचे चारही कोपरे पूर्ण दिसतात का ते बघा. गेम मोड इथे जरूर लावा. गोळी लागण्या-न लागण्याशी त्याचा आता संबंध नाही, पण बदक तुम्हाला उशिरा दिसू नये म्हणून तो हवा.

मग ठरलेल्या जागी, ठरलेल्या अंतरावर उभं राहून ओपनफायरचं कॅलिब्रेशन करा. तो दाखवेल त्या क्रमाने बिंदूंवर नेम धरून चाप ओढा. बसून कॅलिब्रेशन आणि उभं राहून खेळ, असं करू नका.

आता रेट्रोआर्क या एम्युलेटरमध्ये FCEUmm कोअर घेऊन गेम उघडा. गेमची फाइल मूळच हवी. टप्पा ३ मधला उशीर घातलेला गेम इथे चुकीचा निकाल देतो. दोन सेटिंग महत्त्वाची.

दुसऱ्या पोर्टचं उपकरण ‘झॅपर’, म्हणजे निन्टेन्डोची मूळ बंदूक, निवडा, कारण खऱ्या मशिनवरही ती दुसऱ्याच पोर्टला असते. कोअरच्या पर्यायांत झॅपरचा प्रकार लाइटगन ठेवा. आणि दुसऱ्याच पोर्टच्या सेटिंगमधला `Mouse Index` तुमच्या बंदुकीवर आणा. कॉम्प्युटरला साधा माउसही जोडलेला असतो आणि रेट्रोआर्क बऱ्याचदा त्यालाच बंदूक समजतो. माउस हलवल्यावर गेममधला नेम हलत असेल, तर चूक नक्की इथेच आहे. शेवटी `Gun Trigger` ला बंदुकीचा चाप नेमून द्या.

चित्राचं माप `Aspect Ratio` मध्ये `Custom` निवडून असं भरा:

```
Width 960
Height 720
X Position 480
Y Position 180
```

हे आकडे १९२० बाय १०८० साठी आहेत. पूर्ण उंचीने खेळण्याइतकी जागा असेल, तर साधं ४:३ पुरे.

## टप्पा ९: चूक कुठे आहे ते लक्षणावरून ओळखा

पहिला डाव सुरू करण्याआधी चित्राच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्यात एकेक गोळी झाडून बघा.

वरच्या कोपऱ्यांतच बाण उड्या मारत असेल, तर खालचे दिवे नजरेतून निसटत आहेत. अर्धा फूट मागे सरका किंवा चित्र आणखी लहान करा. सगळीकडे सारख्याच अंतराने एका बाजूला चुकत असेल, तर कॅलिब्रेशन पुन्हा करा. कोणी पट्टीला हात लावला असावा. मध्यात बरोबर आणि कडेकडे चूक वाढत जात असेल, तर ओव्हरस्कॅन अजून चालू आहे. बाण एका जागीच थरथरत असेल, तर पाचवा ठिपका शोधा, बहुधा फरशीवरचं प्रतिबिंब. चाप ओढूनही पडदा झपकतच नसेल, तर झॅपर पहिल्या पोर्टला लागलेली असावी. आणि पडदा झपकतो, नेम बरोबर, तरी एकही बदक पडत नाही, असं झालं तर गेमची फाइल बदललेली असावी.

दोघांनी आलटूनपालटून खेळायचं तर उंचीतल्या फरकाने नेम थोडा सरकतो. ओपनफायरमध्ये वेगवेगळे प्रोफाइल ठेवता येतात. मोठ्यांसाठी एक आणि मुलांसाठी एक करून ठेवा. मुलं पुढे पुढे सरकत टीव्हीजवळ जातात आणि दिवे नजरेबाहेर जातात, म्हणून बंदुकीच्या जागेच्या हिशोबाने फरशीवर चिकटपट्टीची एक रेघ मारा आणि पाय त्या रेघेमागेच राहतील असं सांगा.